आईबाबा स्वतःच्या शरीराला नावं ठेवतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या दिसण्यावर टोमणे मारू नयेत हे आता बहुतेक पालकांना माहीत आहे. इथले प्रश्न त्याच्या शेजारच्या, पण कमी बोलल्या जाणाऱ्या सवयीबद्दल आहेत: मूल समोर असताना आईबाबांनी स्वतःच्याच शरीराबद्दल बोलणं.

मी मुलीला कधीच काही म्हणत नाही. स्वतःबद्दल बोलते, तेही गमतीनं: ‘बघ, पोट कसं हत्तीसारखं झालंय माझं!’ त्यानं तिला काय होणार?

अशा एका वाक्यातून मूल दोन गोष्टी उचलतं. पहिली म्हणजे निकाल: असं पोट वाईट. दुसरी त्याहून चिवट, आणि ती म्हणजे पद्धत. आरशासमोर उभं राहायचं, शरीराचा एकेक भाग सुटा करून तपासायचा, त्याला मनातल्या मनात गुण द्यायचे आणि त्यावरून आजचा दिवस कसा जाणार ते ठरवायचं. निकाल तुमच्या पोटाचा असतो, पण पद्धत कुठल्याही शरीराला लावता येते. मुलीला ती लावून बघायला सगळ्यात जवळचं शरीर तिचं स्वतःचंच असतं.

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 5 ते 7 वर्षांच्या मुली आणि त्यांच्या आया होत्या. मुलींनी आरशात बघून आपल्या शरीरातलं काय आवडतं आणि काय नाही ते मोठ्यानं सांगायचं होतं. मग आईनं स्वतःबद्दल तेच सांगितलेलं ऐकायचं आणि पुन्हा एकदा आपलं सांगायचं. दुसऱ्या वेळी मुलींची उत्तरं आईच्या उत्तरांकडे झुकली. एका बैठकीतला हा बदल पुढे कायम राहतो असं यातून सिद्ध होत नाही. पण शिकणं किती पटकन होतं, ते दिसतं.

राहिली गंमत. स्वतःलाच चिमटा काढणारा विनोद समजायला ऐकलेल्या शब्दांच्या उलटा अर्थ लावता यावा लागतो. 5-6 वर्षांच्या मुलांना ते नुकतंच थोडंथोडं जमायला लागलेलं असतं, त्यामुळे तुमच्या हसण्यापेक्षा ‘हत्ती’ हा शब्दच त्यांच्या लक्षात राहतो.

हे कळायला मूल किती मोठं असावं लागतं?

आपण समजतो त्यापेक्षा बरंच लहान. चित्रातली जाड आकृती ‘वाईट’ आणि बारीक आकृती ‘चांगली’ असा संबंध 3 ते 5 वर्षांची मुलंही लावतात, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पाच-सहाव्या वर्षी काही मुलं ‘मी अशी आहे’ आणि ‘मला अशी व्हायचंय’ यासाठी दोन वेगळ्या आकृत्यांवर बोट ठेवतात. ‘तिला कुठे कळतंय’ म्हणून मोकळेपणानं बोलायची सोय तीनच्या पुढे फारशी उरत नाही.

नेमकी कोणती वाक्यं टाळायची?

‘किती जाड झालेय मी’ हे उघड आहे, ते सगळ्यांनाच ओळखता येतं. निसटतात ती वेगळी.

आनंदाची वाक्यं त्यांत पहिली. ‘दोन किलो उतरले!’ म्हणून घरभर नाचणं आणि दोन किलो वाढले म्हणून रडणं, मुलाच्या दृष्टीनं दोन्ही एकच: काट्यावरचा आकडा घराचा मूड ठरवतो. आजारपणानंतर कुणी ‘बारीक झालीस गं’ म्हणालं आणि तुम्ही खुशीत ‘थँक्यू’ म्हणालात, तर तेही त्याच जातीचं.

दुसरी हिशेबाची वाक्यं. ‘आज मी जरा जास्तच खाल्लं, उद्या उपाशी राहायला हवं.’ ‘मला नको, मी तुमच्यासारखी नाही, मला लगेच अंगाला लागतं.’ इथे शरीराचं नावही निघत नाही, पण खाणं हा गुन्हा आणि उपास ही शिक्षा, एवढं मूल बरोबर शिकतं.

तिसरं वाक्य आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं, आणि ते बहुतेक लाडानंच बोललं जातं: ‘तुझ्या जन्माच्या आधी मी कशी होते बघ! हे पोट सगळं तुझ्यामुळे.’ मोठ्या माणसाला यात माया ऐकू येते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र आईचं काहीतरी बिघडलं आणि ते आपण बिघडवलं असं ऐकू येतं.

शिवाय काही शेरे शब्दांशिवायच मारले जातात. आरशासमोर पोट आत ओढून धरणं, दंडाची कातडी चिमटीत पकडून बघणं, फोटो काढायची वेळ आली की मागे सरकणं किंवा ‘मीच काढते’ म्हणून फोन हातात घेणं, पाण्यात उतरायची मजा मुलाला करू देऊन स्वतः काठावर बसून राहणं. 5 ते 8 वर्षांच्या मुलींच्या एका अभ्यासात, आपली आई स्वतःच्या शरीरावर किती नाराज आहे याबद्दल मुलीचा जो समज होता, त्याचा मुलीच्या स्वतःच्या नाराजीशी संबंध दिसला. समज बनायला वाक्यच लागतं असं नाही.

माझी मुलगी हुबेहूब माझ्यासारखी दिसते. त्यामुळे काही फरक पडतो का?

पडतो. आमच्या मते या विषयातली ही सगळ्यात दुर्लक्षित बाजू आहे.

घरात मुलाला जन्मापासून सांगितलं जातं: नाक आईचं, कपाळ बाबांचं, चाल आजोबांची. साम्याची ही यादी मूल अभिमानानं पाठ करतं. मग एक दिवस आई आरशात बघून म्हणते, ‘माझं नाक म्हणजे नुसता भोपळा आहे.’ मुलीला यात तर्क लढवायची गरजच पडत नाही. नाक आईचं, आईचं नाक वाईट, म्हणजे माझं नाक वाईट. तुम्ही तिच्या नाकाबद्दल चकार शब्द काढला नाहीत हे खरं, पण ते नाक तुम्हीच आधी तिच्या नावावर केलेलं होतं. रंग, केसांचा पोत, उंची, मांड्या, पुढे आलेले दात, सगळ्याला हेच लागू.

म्हणून एक काम शांतपणे बसून करा. मुलाला ‘तुझं हे माझ्यासारखं’ असं ज्या ज्या गोष्टींबद्दल घरात म्हटलं जातं, त्यांची यादी लिहा. बहुधा चार-पाचच निघतील. स्वतःबद्दलचं सगळं बोलणं एकदम बदलायला जमलं नाही तरी निदान या चार-पाच गोष्टींना मुलासमोर नावं ठेवायची नाहीत. सुरुवात इथून केली तर कमी कष्टात जास्त काम होतं.

उलट दिशेचा सापळाही आहे. ‘बरं झालं, तू माझ्यावर गेली नाहीस’ हे कौतुक नाही. पुढे वयात येताना तिचं शरीर तुमच्यासारखं व्हायला लागलं, आणि बऱ्याचदा ते होतंच, की तिला आपण काहीतरी गमावतोय असं वाटायला लागतं.

तोंडातून गेलंच तर काय करायचं?

एक प्रसंग धरू. सकाळची घाई आहे. आईच्या पँटचं बटण लागत नाही. ती आरशासमोर ओरडते, ‘शी! काय हे पोट सुटलंय, काही घालायची सोय राहिली नाही.’ मागे पलंगावर सहा वर्षांची मुलगी मोजे घालत बसली आहे. ती थांबते, आरशातल्या आईकडे बघते आणि मग आपला फ्रॉक पोटावरून खाली ओढते.

त्या क्षणी एवढंच करायचं: राग पोटावरून उचलून कपड्यावर ठेवायचा. ‘ही पँट मला आता लहान होते. दुसरी घालते.’ हे खोटं नाही, उलट जास्त अचूक आहे. मग खरोखर दुसरी पँट घालायची आणि ठरल्याप्रमाणे बाहेर पडायचं. बाहेर पडणं महत्त्वाचं आहे, कारण पोटामुळे बेत रद्द झाला असता तर तोच धडा ठरला असता.

लगेच ‘नाही नाही, आई तर छानच आहे!’ अशी सारवासारव करू नका. मुलीनं आत्ताच खरा चेहरा पाहिलाय, हे नाटक तिला कळतं. मोठं भाषणही नको.

संध्याकाळी निवांत असताना दोन-तीन वाक्यं पुरतात: ‘सकाळी मी माझ्या पोटाला वाईट बोलले, ते तू ऐकलंस ना? मला उशीर होत होता, म्हणून चिडले होते. पोटाची काही चूक नव्हती.’ मग गप्प बसायचं. मुलगी ‘हं’ म्हणून खेळायला गेली तर जाऊ द्या, तुमचं काम झालं.

कदाचित ती विचारेल, ‘पण तुझं पोट मोठं आहे ना?’ उत्तर: ‘हो, आहे. मोठ्या माणसांची पोटं वेगवेगळ्या आकारांची असतात.’ नाकारायचं नाही. तिला डोळे आहेत. समोर दिसणारी गोष्ट तुम्ही घाईघाईनं नाकारलीत तर मोठं पोट म्हणजे कबूलही करता येणार नाही इतकं भयंकर काहीतरी आहे, एवढाच अर्थ तिच्याकडे उरतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, माफी मागताना पालकाला रडू येतं आणि मूलच त्याला समजावू लागतं. दुसरी, ‘तुला तर माझं पोट आवडतं ना?’ असं विचारलं जातं. त्यानं मुलाला परीक्षक केलं जातं, आणि शरीराला गुण देण्याची जी पद्धत मोडायची होती तीच पक्की होते.

आणि ती न होणारी पँट कपाटातून काढून टाका. ती समोर टांगलेली राहिली तर पुढच्या आठवड्यात हेच वाक्य पुन्हा येईल. हा उपाय फार साधा वाटतो म्हणून लोक तो करत नाहीत.

माझ्या तोंडात ही वाक्यं बसलेली आहेत. सवय मोडायची कशी?

आधी मोजा. सात दिवस फक्त नोंद करा, बदलू काहीच नका. किती वेळा, कुठे, आणि मूल खोलीत होतं का, एवढंच. पतीला किंवा पत्नीलाही नोंद करायला सांगा, कारण आपली निम्मी वाक्यं आपल्याला ऐकूच येत नाहीत. आठवड्यानंतर यादी पाहिली की बहुधा दिसतं की शेरे दिवसभर विखुरलेले नाहीत, दोन-तीन ठिकाणी साचले आहेत: कपडे बदलताना, ताटावर बसताना, फोटो बघताना, किंवा बऱ्याच दिवसांनी कुणी भेटल्यावर.

मग एकेका जागेसाठी एकच पर्यायी वाक्य ठरवा आणि ते पाठ करा. ताटावर: ‘माझं पोट भरलं.’ फोटो बघताना: ‘तेव्हा किती वारा होता, आठवतंय?’ म्हणजे त्या दिवसाबद्दल बोलायचं, चेहऱ्याबद्दल नाही. भेटीत कुणी वजनाचा विषय काढला तर: ‘ते जाऊ दे, तुझं कसं चाललंय?’ नुसतं ‘बोलणार नाही’ असं ठरवलं की आयत्या वेळी जुनंच वाक्य बाहेर पडतं, कारण त्याच्या जागी ठेवायला दुसरं तयार नसतं.

पण मला माझं शरीर खरंच आवडत नाही. मुलांसमोर खोटं बोलू?

नको. ‘मला माझं शरीर फार फार आवडतं’ असं ठरवून म्हणणारा पालक दोन दिवसांत पकडला जातो. शिवाय सतत स्वतःच्या दिसण्याची तारीफ करण्यातही दिसणं हाच विषय राहतो. आवडणं आणि न आवडणं यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे. शरीराचं वर्णन करा, निकाल देऊ नका. ‘आज पाय दुखतायत, खूप चालले.’ ‘या कपड्यात मला मोकळं वाटत नाही.’ ‘हे व्रण ऑपरेशनचे आहेत, आता दुखत नाहीत.’ यांतलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकातही गुण दिलेले नाहीत.

नावड मनात राहिली तरी चालेल. ती बोलायला मोठं माणूस शोधा: मैत्रीण, जोडीदार, गरज वाटली तर समुपदेशक. मूल त्या कामासाठी नाही. आणि हे फोनवर मैत्रिणीशी बोलत असाल तर दार लावून बोला. बाहेरच्या खोलीत खेळणाऱ्या मुलाचे कान तुमच्याकडेच असतात.

डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलंय. हे तरी सांगावं की नाही?

सांगावं. लपवलं तर मूल स्वतःच्या मनानं अर्थ लावेल. फक्त कारण आणि कृती सांगा, दिसणं आणि आकडा वगळा. ‘माझ्या रक्तात साखर जास्त झाली आहे. म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला आणि जेवणात थोडा बदल करायला सांगितलंय.’ वजनकाटा मुलाच्या रोजच्या वावरात नसलेल्या जागी ठेवा आणि आकडा मोठ्यानं वाचू नका.

घरात सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होऊ द्या, तुमचा भाग वेगळ्या प्रमाणात घ्या. वेगळं ताट, वेगळा डबा आणि त्यावर रोजची चर्चा यातून मुलाला ‘शरीर चुकलं की वेगळं जेवायचं’ हे शिकायला मिळतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सनं 2016 साली किशोरवयीन मुलांमधला लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींच्या प्रतिबंधासाठी एकत्र मार्गदर्शन दिलं. त्यात पालकांनी घरात वजनाबद्दल बोलणं टाळावं असं म्हटलं आहे आणि त्या बोलण्यात पालकांनी स्वतःच्या वजनाबद्दल बोलणंही धरलं आहे. वजनाबद्दल गप्प राहणं म्हणजे आरोग्याकडे दुर्लक्ष, ही भीती त्यामुळे बाजूला ठेवता येते.

बाबांच्या बोलण्यानंही असंच होतं का? आणि मुलग्यांचं काय?

होतं. आयांवर जास्त अभ्यास झाले आहेत, म्हणून बोलताना आईचंच नाव पुढे येतं, एवढंच. बाबांचे शेरे वेगळ्या वेशात येतात: ढेरीवर थापा मारून विनोद, टकलावरून स्वतःची चेष्टा, ‘आमच्या वेळी दंड कसे होते बघ’ अशी फुशारकी. मुलग्यांची नाराजी दोन्ही बाजूंना जाते. काहींना बारीक व्हायचं असतं, काहींना रुंद आणि पिळदार. ‘मी पुरेसा दणकट नाही’ ही नाराजी लवकर लक्षात येत नाही, कारण भरपूर व्यायाम करणाऱ्या मुलाचं घरात कौतुकच होतं.

बाबांनी मुलांसमोर आईच्या शरीरावर केलेली टिप्पणी हा खरं तर वेगळा विषय आहे, पण घरात तो वेगळा राहत नाही. एक जण नोंदवही घेऊन शेरे मोजतोय आणि दुसरा ताटावर ‘पुरे आता’ म्हणतोय, तर मोजण्याचा काही उपयोग नाही.

मुलगी विचारते, ‘मी जाड आहे का?’ काय सांगू?

लगेच ‘छे, मुळीच नाही!’ म्हणू नका. त्यात जाड असणं ही फेटाळायची गोष्ट आहे हे गृहीत धरलं जातं, आणि ती कुठे ऐकून आली ते विचारायचं राहूनच जातं. आधी विचारा, ‘हे आज कशावरून आठवलं?’ कुणी चिडवलं असेल तर विषय चिडवण्याचा आहे, तो तसाच हाताळा. तुमचंच वाक्य तिनं उचललं असेल तर ते कबूल करा.

वयात येण्याच्या सुमारास हा प्रश्न जास्त येतो. मुलींमध्ये हे बदल साधारण 8 ते 13 आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयांत सुरू होतात. या काळात मुलींच्या कंबरेवर आणि मांड्यांवर चरबी वाढते आणि अनेक मुलं उंची वाढायच्या आधी अंगानं भरतात. हे आधीच सांगून ठेवलं असेल तर मुलाला तो बिघाड वाटत नाही. नेमक्या याच काळात आईनं स्वतःच्या कंबरेबद्दल केलेली तक्रार मुलगी भविष्यवाणीसारखी ऐकते.

घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. त्यांचं काय करू?

त्यांना मुलांसमोर टोकू नका. नंतर एकट्यात एकच विनंती करा: ‘वजनाबद्दल बोलायचं असेल तर ती झोपल्यावर बोलू.’ आयत्या वेळी विषय बदला. मूल घरात सगळ्यांचं ऐकतं, पण रोज शेजारी असणाऱ्याचं जास्त. तुमचं बोलणं बदललं तर एखाद्या भेटीतल्या शेऱ्यांचं वजन कमी होतं.

माझी मुलगी 13 वर्षांची आहे. इतकी वर्षं मी बोलत आले. आता उशीर झाला का?

एवढ्या मोठ्या मुलीला न सांगता गुपचूप बदलू नका, सांगून बदला. ‘मी इतकी वर्षं तुझ्यासमोर स्वतःला नावं ठेवत आले. ते चुकलं. आता बंद करतेय, चुकून बोलले तर मला थांबव.’ ती डोळे फिरवेल, ‘बरं’ म्हणेल आणि निघून जाईल. तिसऱ्या दिवशी ‘आई, बोललीस!’ असं टोकेल तेव्हा चिडायचं नाही. या वयात बोलण्यापेक्षा वागणं तपासलं जातं: पुढच्या सहलीच्या फोटोंत तुम्ही आहात की नाही, हे ती बघते.

नुसतं बोलणं सुधारून भागणार नाही, हे कधी ओळखायचं?

मूल एखादं वाक्य बोललं म्हणून घाबरू नका, वागणं बदललंय का ते पाहा. जेवण वारंवार टाळणं किंवा ‘बाहेर खाल्लं’ म्हणणं, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाऊन बसणं, आधी आवडणारे पदार्थ एकेक करून बंद करणं, गरमीतही अंग झाकणारे ढगळ कपडे, दिवसातून अनेकदा वजन करणं, आजारी असतानाही व्यायाम न सोडणं, खेळ किंवा पोहणं फक्त कपड्यांमुळे बंद करणं. यांतलं काही दोन-तीन आठवडे टिकलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. वजन घटत असेल, वाढत्या वयात वजन एका जागी थांबलं असेल, चक्कर येत असेल किंवा सुरू झालेली पाळी थांबली असेल तर तेवढंही थांबू नका.

जाताना आधीच्या उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्या, कारण डॉक्टर आजच्या आकड्यापेक्षा मुलाची वाढीची रेषा कुठे वळली ते बघतात. मूल दिसायला बारीक नसलं तरीही जा. खाण्याचे विकार कुठल्याही वजनात होतात, आणि अंगानं भरलेल्या मुलाचं वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा घरचे बहुधा त्याचं अभिनंदन करत असतात. आणि तपासणीच्या खोलीत, काट्यावर मुलाच्या आधी स्वतः उभं राहून ‘अरे देवा’ म्हणू नका.